अनंतापर्यंत जाणारा इंटिग्रल आणि x च्या घातांशी तुलना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बी.एस्सी.च्या वर्गात हा भाग सुरू झाला की दरवर्षी थोड्याफार फरकाने हेच प्रश्न येतात, म्हणून उत्तरं एका जागी लिहून ठेवली आहेत. दोन शब्द सगळीकडे लागतील. इंटिग्रल एका ठरावीक संख्येवर स्थिरावला, तर तो अभिसारी (वर्गात आपण ‘कन्व्हर्ज होतो’ म्हणतो). तसं झालं नाही तर अपसारी.

वरच्या टोकाला ∞ असेल तर तिथे नेमकं काय घालायचं?

काहीच घालायचं नाही. ∞ ही संख्या नाही, त्यामुळे ती x च्या जागी लिहिण्याचा प्रश्न येत नाही. त्या जागी b ही साधी संख्या घ्यायची, इंटिग्रल b पर्यंत काढायचा आणि मग b वाढवत नेल्यावर उत्तराचं काय होतं ते पाहायचं. उदाहरणार्थ

∫₁^b dx/x² = 1 − 1/b

b = 10 घेतलं तर 0.9 मिळतात, b = 1000 घेतलं तर 0.999. b कितीही वाढवला तरी उत्तर 1 ओलांडत नाही आणि 1 च्या हवं तितकं जवळ जातं. म्हणून ∫₁^∞ dx/x² अभिसारी आहे आणि त्याची किंमत 1 आहे. उत्तरपत्रिकेत ही b ची पायरी गाळून थेट ‘−1/∞ = 0’ लिहिलं जातं. या उदाहरणात त्याने उत्तर बिघडत नाही, पण ∞ − ∞ असं काही समोर आलं की याच सवयीमुळे घात होतो.

1/x^p मध्ये सीमारेषा बरोबर p = 1 लाच का?

सूत्र सगळ्यांना पाठ असतं: p > 1 असेल तर ∫₁^∞ dx/x^p = 1/(p − 1), आणि p ≤ 1 असेल तर इंटिग्रल अपसारी. कारण मात्र फार थोड्यांना सांगता येतं, म्हणून इथे जरा थांबू.

x-अक्षाचे असे तुकडे करा: 1 ते 2, 2 ते 4, 4 ते 8, 8 ते 16. प्रत्येक तुकडा आधीच्या दुप्पट लांब आहे. आता 1/x^p या वक्राखालची पट्टी पाहा. एका तुकड्यावरून पुढच्या तुकड्यावर गेलं की रुंदी दुप्पट होते आणि उंची 2^p पट कमी होते. म्हणजे प्रत्येक पट्टीचं क्षेत्रफळ आधीच्या पट्टीच्या 2^(1−p) पट भरतं.

p = 2 असेल तर ही पट 1/2 आहे. पट्ट्या 1/2, 1/4, 1/8 अशा निम्म्या होत जातात आणि त्यांची बेरीज 1. p = 1/2 असेल तर प्रत्येक पट्टी आधीच्या √2 पट मोठी, मग बेरीज आटोक्यात राहणं शक्यच नाही. आणि p = 1 असेल तर पट बरोबर 1 येते: रुंदी जितकी वाढली तितकीच उंची कमी झाली, म्हणून प्रत्येक पट्टीचं क्षेत्रफळ तेच, ln 2, म्हणजे सुमारे 0.693. तेवढेच तुकडे अखंड मिळवत राहिलो तर बेरीज कुठेच थांबत नाही. गुणोत्तर श्रेणीत 1 च्या अलीकडची आणि पलीकडची पट जशी सगळं ठरवते, तसंच इथे आहे.

b मोठा घेऊन कॉम्प्युटरवर आकडे पाहिले तर कळणार नाही का?

नाही, आणि हे एकदा स्वतः करून पाहण्यासारखं आहे. p = 1 आणि p = 1.01 हे दोन शेजारी घ्या. पहिला अपसारी आहे. दुसरा अभिसारी, त्याची किंमत 1/(0.01) = 100. आता दोन्ही b = 10^8 पर्यंत, म्हणजे दहा कोटींपर्यंत काढा. पहिल्याचं उत्तर येतं सुमारे 18.4 आणि दुसऱ्याचं सुमारे 16.8. आकडे शेजारी शेजारी आहेत आणि दोन्ही अजून वाढतायत. यातला कोणता थांबणार आणि कोणता नाही, हे त्या आकड्यांवरून कुणालाच सांगता येणार नाही.

दुसऱ्याला 99 गाठायला b = 10^200 लागतो. पहिला इतका सावकाश वाढतो की 20 ओलांडायला b साडेअठ्ठेचाळीस कोटींच्या पुढे न्यावा लागतो. स्क्रीनवर तो स्थिरावल्यासारखाच दिसतो, आणि तरीही तो अपसारी आहे. अभिसरण हा शेपटाचा गुण आहे आणि शेपूट कुठल्याही कॉम्प्युटरच्या पलीकडे असतं. म्हणून तिथे असमानता लागते.

तुलना कसोटी साध्या शब्दांत सांगाल का?

a पासून पुढे सगळीकडे 0 ≤ f(x) ≤ g(x) आहे असं धरा. दोन्ही फंक्शन त्या पट्ट्यात कुठे फुटत नाहीत, सलग आहेत. मग दोन गोष्टी खऱ्या ठरतात. g चा इंटिग्रल अभिसारी असेल तर f चाही अभिसारी. f चा अपसारी असेल तर g चाही अपसारी.

पहिलं का खरं? f ऋण नसल्याने ∫ₐ^b f(x) dx ही संख्या b वाढवल्यावर कमी कधीच होत नाही. वर g च्या किमतीचं छत आहे. जी संख्या फक्त वाढू शकते आणि छतापलीकडे जाऊ शकत नाही, तिला कुठेतरी स्थिरावावंच लागतं. f ≥ 0 ही अट इथेच कामी येते. f खाली-वर होणारं असेल तर छत असूनही ते कायम हेलकावत राहू शकतं; ∫₀^b cos x dx = sin b हे त्याचं सोपं उदाहरण आहे.

असमानता बरोबर लिहिली, उत्तरही बरोबर आलं, तरी गुण का कापले?

हा प्रश्न मला एका विद्यार्थिनीने पेपर हातात धरून विचारला होता. तिने लिहिलं होतं:

1/(x + √x) < 1/x, आणि ∫₁^∞ dx/x अपसारी आहे, म्हणून ∫₁^∞ dx/(x + √x) अपसारी.

असमानता खरी आहे. निष्कर्षही खरा आहे. पण मधला ‘म्हणून’ खोटा आहे. अपसारी इंटिग्रलपेक्षा लहान असण्यातून काहीच सिद्ध होत नाही. करोडपतीपेक्षा कमी पैसे असलेला माणूस श्रीमंत असेल की गरीब, हे तेवढ्यावरून सांगता येत नाही, तसंच हे. याच वाटेने 1/x² < 1/x लिहून (x > 1 साठी) 1/x² सुद्धा अपसारी ‘सिद्ध’ करता आलं असतं. तिला मी हेच करून दाखवलं आणि गुण का गेले ते तिच्या लगेच लक्षात आलं.

मग करायचं काय? अपसारी दाखवायचं असेल तर खालून आधार हवा. x ≥ 1 असताना √x ≤ x, म्हणून x + √x ≤ 2x, म्हणून

1/(x + √x) ≥ 1/(2x)

आता उजवीकडचा अपसारी आहे, डावीकडचा त्याहून मोठा, काम झालं. एका स्थिरांकाने, इथे 2 ने, भागावं लागलं. त्याला घाबरायचं नाही, कारण स्थिरांकाने गुणल्या-भागल्याने अभिसरण बदलत नाही. या इंटिग्रलचं सुदैव असं की तो सरळ सोडवताही येतो: प्रतिअवकलज 2 ln(1 + √x) आहे, आणि तो खरोखरच अनंतापर्यंत वाढत जातो.

उलट बाजूची अडचण 1/(x² − 1) मध्ये येते. ∫₂^∞ dx/(x² − 1) अभिसारी असणार हे दिसतं, पण 1/(x² − 1) हे 1/x² पेक्षा मोठं आहे, म्हणजे सरळ तुलना निरुपयोगी. इथेही थोडी ढील द्यायची. x ≥ 2 असताना x² − 1 ≥ x²/2, म्हणून फंक्शन 2/x² च्या वर जात नाही. 2/x² चा 2 पासूनचा इंटिग्रल 1 आहे. खरी किंमत (ln 3)/2, म्हणजे सुमारे 0.55, छताच्या बरीच खाली आहे.

तुलनेसाठी p कोणता घ्यायचा हे कसं ठरवता?

x प्रचंड मोठा आहे अशी कल्पना करा आणि अंशात व छेदात सगळ्यात मोठं पद कोणतं राहतं ते पाहा. बाकीची पदं शेपटात नगण्य होतात. एक उदाहरण पूर्ण करून पाहू:

∫₁^∞ (2x + 5)/√(x^5 + x + 1) dx

अंशात 2x राहतो. छेदात √(x^5) = x^(5/2). भागाकार 2/x^(3/2). म्हणजे p = 3/2, एकापेक्षा मोठा. अंदाज: अभिसारी.

हा अंदाज आहे, सिद्धता नाही. सिद्धतेसाठी छत बांधायचंय, म्हणून अंश मोठा करायचा आणि छेद लहान. x ≥ 1 असताना 5 ≤ 5x, म्हणून 2x + 5 ≤ 7x. छेदात x + 1 टाकून दिलं की छेद लहान होतो: √(x^5 + x + 1) ≥ x^(5/2). दोन्ही मिळून

(2x + 5)/√(x^5 + x + 1) ≤ 7x/x^(5/2) = 7/x^(3/2)

आणि ∫₁^∞ 7/x^(3/2) dx = 7 × 1/(3/2 − 1) = 14. इंटिग्रल अभिसारी आहे आणि त्याची किंमत 14 पेक्षा जास्त नाही.

इथे सगळ्यात जास्त वेळा होणारी चूक म्हणजे वर्गमुळाखालचा घात निम्मा करायचा राहून जाणं. मग छेदात x^5 धरला जातो, p = 4 येतो आणि योगायोगाने निष्कर्ष बरोबर निघतो. पण छेद √(x^3 + 1) असता तर? खरा p होता 3/2 − 1 = 1/2, अपसारी. मूळ विसरलं की p = 2 येतो आणि उत्तर थेट उलटं होतं. म्हणून p लिहिण्याआधी अंशाचा घात आणि छेदाचा घात वेगवेगळे लिहा, मग वजाबाकी करा.

दर वेळी असमानता जुळवायची दमछाक होते. सोपी वाट नाही का?

आहे, तिला लिमिट कंपॅरिझन म्हणतात. f आणि g दोन्ही धन असावेत. x → ∞ होताना f(x)/g(x) हा भागाकार L या धन, सान्त संख्येकडे जात असेल, तर दोघांचं भवितव्य एकच: दोन्ही अभिसारी किंवा दोन्ही अपसारी.

वरच्याच उदाहरणात g = 1/x^(3/2) घेतला तर भागाकार 2 कडे जातो, आणि असमानतेची कसरत न करता काम होतं. आत काय चाललंय ते मात्र माहीत असू द्या. भागाकार L कडे गेला म्हणजे एका ठिकाणाच्या पुढे f हे (L/2)·g आणि (3L/2)·g यांच्या मध्ये अडकलं. म्हणजे छत आणि आधार दोन्ही आपोआप मिळाले. त्या ठिकाणाच्या अलीकडचा तुकडा लांबीने सान्त आहे, तिथे फंक्शन सलग असेल तर तो अभिसरणात ढवळाढवळ करत नाही.

L = 0 आला तर अर्धीच माहिती मिळते: f हे g पेक्षा फार लहान आहे, म्हणून g अभिसारी असेल तर f अभिसारी. g अपसारी असेल तर निष्कर्ष काहीच नाही. L अनंत आला तर हेच उलट्या बाजूने.

ln x किंवा e^(−x²) असेल तर त्यात घात कुठे शोधायचा?

शोधायचा नाही, उसना घ्यायचा. x वाढत गेला की ln x हा x च्या कितीही लहान धन घातापेक्षा मागे पडतो, आणि e^x कुठल्याही घाताला मागे टाकतो. एवढ्यावर बहुतेक गणितं सुटतात.

∫₁^∞ (ln x)/x² dx पाहा. 1/x² शी तुलना केली तर ln x मुळे भागाकार अनंताकडे जातो आणि हात रिकामे राहतात. म्हणून घातातला थोडा भाग ln x साठी खर्च करायचा: सगळ्या x ≥ 1 साठी ln x ≤ √x आहे, म्हणून (ln x)/x² ≤ 1/x^(3/2), आणि उजवीकडचा इंटिग्रल 2 आहे. खरी किंमत 1 येते.

e^(−x²) चा प्रतिअवकलज नेहमीच्या फंक्शन्समध्ये लिहिताच येत नाही. तिथे तुलनेशिवाय गत्यंतर नाही, आणि ती एका ओळीची आहे: e^(x²) ≥ 1 + x² > x², म्हणून e^(−x²) < 1/x², आणि ∫₁^∞ e^(−x²) dx ही 1 पेक्षा कमी. खरी किंमत सुमारे 0.139.

पण घातांच्या मोजपट्टीला एक जागा मोजता येत नाही. ∫₂^∞ dx/(x (ln x)²) घ्या. x हा e च्या पुढे गेला की हे 1/x पेक्षा लहान, आणि p > 1 असलेल्या प्रत्येक 1/x^p पेक्षा शेवटी मोठं. ते नेमकं सीमारेषेच्या फटीत बसलंय, त्यामुळे कुठलाही p घेतला तरी तुलना बोलत नाही. तिथे u = ln x घालून सरळ सोडवायचं; किंमत 1/ln 2 येते, म्हणजे अभिसारी. (ln x)² च्या जागी नुसता ln x असता तर तोच इंटिग्रल अपसारी झाला असता.

sin x असलेल्या इंटिग्रलला ही कसोटी चालते का?

sin x ऋणही होतो, म्हणून थेट चालत नाही. |f| ला लावायची. |f| चा इंटिग्रल अभिसारी ठरला तर f चाही ठरतो. |sin x|/x² ≤ 1/x², म्हणून ∫₁^∞ (sin x)/x² dx चा प्रश्न मिटला.

(sin x)/x ला मात्र हे पुरत नाही, कारण छत म्हणून 1/x मिळतं आणि ते अपसारी आहे. यावरून हा इंटिग्रल अपसारी आहे असं लिहिणारे बरेच असतात, आणि ते चूक आहे. आधी खंडशः इंटिग्रेशन करा:

∫₁^∞ (sin x)/x dx = cos 1 − ∫₁^∞ (cos x)/x² dx

उजवीकडे छेदात x² आला, आता |cos x|/x² ≤ 1/x² चालतं. म्हणजे मूळ इंटिग्रल अभिसारी. धन आणि ऋण लाटा एकमेकींना खात जातात म्हणून तो थांबतो, आणि ही काटछाट |f| घेतल्याबरोबर नाहीशी होते.

शेपूट तपासलं, तरी उत्तर चुकलं. काय राहिलं?

बहुधा मधली जागा. ∫₁^∞ dx/(x² − 4) मध्ये 1/x² शी भागाकार 1 कडे जातो, म्हणून ‘अभिसारी’ लिहिलं जातं. पण x = 2 ला छेद शून्य होतो. त्या जागेजवळ फंक्शन 1/(4(x − 2)) सारखं वागतं आणि तिथेच इंटिग्रल फुटतो, पूर्ण इंटिग्रल अपसारी. शेपटाकडे वळण्याआधी छेद कुठे शून्य होतो ते बघून घ्या.

खालची सीमा 0 असेल तर नियम उलटा लागतो हेही लक्षात असू द्या: ∫₀^1 dx/x^p अभिसारी होतो तो p < 1 असताना. म्हणून ∫₀^∞ dx/(√x(1 + x)) सारख्या गणितात x = 1 ला दोन तुकडे करायचे. 0 जवळ फंक्शन 1/x^(1/2) सारखं, ठीक. ∞ जवळ 1/x^(3/2) सारखं, तेही ठीक. दोन्ही तुकडे अभिसारी, म्हणून पूर्ण इंटिग्रल अभिसारी (किंमत π). नुसत्या 1/x^p चा 0 पासून ∞ पर्यंतचा इंटिग्रल मात्र कुठल्याही p साठी अभिसारी नाही, कारण एका टोकाला जो p चालतो तो दुसऱ्या टोकाला चालत नाही.

तुलनेतून किंमत मिळत नाही. मग किंमत हवी असेल तर?

किंमत मिळत नाही, पण कुठे कापलं तर किती चूक होईल ते मिळतं, आणि प्रत्यक्ष आकडेमोडीत तेच हवं असतं. वरच्या (2x + 5)/√(x^5 + x + 1) साठी b पुढचं शेपूट 14/√b पेक्षा जास्त नाही. चूक 0.01 च्या आत हवी असेल तर √b = 1400, म्हणजे b एकोणीस लाख साठ हजार! इतक्या लांब जाऊन बेरजा करणं मूर्खपणाचं ठरेल हे तुलनेनेच आधी सांगितलं.

मग x = 1/t² घाला. सगळं सरळरूप दिल्यावर तोच इंटिग्रल असा होतो:

∫₀^1 (4 + 10t²)/√(1 + t^8 + t^10) dt

अनंत गेलं, छेद कुठेही शून्य नाही, आणि सिम्प्सनच्या नियमाने आठ भागांतच सुमारे 6.6 ही किंमत हाती येते. t चा घात 2 कुठून सुचला? p = 3/2 मधून. x = 1/t² घातलं की dx/x^(3/2) चं (चिन्ह सोडून) 2 dt होतं, म्हणजे शेपूट सपाट होऊन जातं.

p = 1 च्या या रेषेचा गणिताबाहेर काही अर्थ आहे का?

पृथ्वीचं आकर्षण 1/r² प्रमाणे कमी होतं, म्हणजे p = 2. त्यामुळे एक किलो वस्तू पृष्ठभागावरून अनंत अंतरावर न्यायला लागणारी ऊर्जा ∫_R^∞ GM/r² dr = GM/R, म्हणजे सुमारे 6.2 कोटी ज्यूल, सान्त आहे. म्हणूनच सेकंदाला सुमारे 11.2 किलोमीटर हा सुटका वेग अस्तित्वात आहे. आकर्षण 1/r प्रमाणे कमी झालं असतं तर हा इंटिग्रल अपसारी असता, आणि कितीही वेगाने फेकलेली वस्तू कधी ना कधी परत फिरलीच असती.

दुसरं उदाहरण इटलीच्या टोरिचेल्लीचं. 1/x हा वक्र अक्षाभोवती फिरवून होणारी अनंत लांब तुतारी घ्या. x = 1 पासून पुढे तिचं घनफळ π∫₁^∞ dx/x² = π, सान्त. लांबीला अंत नसलेल्या अशा घनाकृतीचं घनफळ सान्त असू शकतं, हे टोरिचेल्लीने १६४४ साली प्रसिद्ध केलं तेव्हा मोठी खळबळ उडाली होती. त्याच तुतारीचं पृष्ठफळ आहे 2π∫₁^∞ (1/x)√(1 + 1/x^4) dx. हे सोडवत बसू नका. वर्गमूळ 1 पेक्षा मोठं आहे, म्हणून आतलं फंक्शन 1/x पेक्षा मोठं, आणि पृष्ठफळ अनंत.